पदर नसलेली संध्याकाळ

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. दुपारी मावसबहिणीचा फोन आला. आवाज इतका पडलेला की मला वाटलं, घरात कोणीतरी आजारी आहे. "ताई, पत्रिकेत अगदी खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे. कॉकटेल अटायर. म्हणजे नेमकं काय घालून जायचं गं?"

तिचा नवरा चाकणला एका जर्मन मालकीच्या कारखान्यात आहे. जर्मनीहून मोठे साहेब येणार होते आणि त्यांच्यासाठी पुण्यातल्या एका हॉटेलात संध्याकाळी सात वाजता पार्टी होती. बहीण त्रेचाळीस वर्षांची, कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. आठवडाभर साडी, रविवारी पंजाबी ड्रेस, लग्नकार्यात पैठणी, एवढंच तिचं कपाट. पार्टीला तीन आठवडे होते. मी वीस-बावीस वर्षं बायकांचे कपडे शिवते आहे, त्यामुळे असे फोन मला नवीन नाहीत. विचारणारी बहुतेक वेळा रंग नाहीतर दुकान विचारते. त्याच्याही आधी ती ओळ काय सांगते आहे, हे कळायला हवं असतं.

त्या ओळीतला 'कॉकटेल' हा शब्द पेयाचा असला, तरी कपड्याच्या बाबतीत तो दिवसातली एक वेळ सांगतो. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. उघड्यावर पिता येईना, तेव्हा लोक संध्याकाळी एकमेकांच्या घरी जमू लागले. कामाची वेळ संपलेली आणि रात्रीचं जेवण अजून व्हायचं, अशा मधल्या दोन तासांत हातात पेला घेऊन उभ्याउभ्या गप्पा मारायच्या. दिवसाचा साधा पोशाख या बैठकीला कमी पडे आणि रात्रीचा जमिनीवर लोळणारा गाऊन जास्त होई. या दोहोंच्या मध्ये बसणारा पोशाख तयार झाला. कापड उंची, शिवण नेटकी, पण लांबी गुडघ्याच्या आसपास. पुढे १९४०च्या दशकात पॅरिसच्या ख्रिस्तियां दिओरने या पोशाखाला 'कॉकटेल ड्रेस' हे नाव रूढ केलं. लांबी कमी असण्याचं कारणही रोजच्या वापरातलं होतं. माणसं उभी असतात, गर्दीतून फिरतात, मागे वळतात. पायघोळ कपडा अशा वेळी कोणाच्या तरी बुटाखाली जातोच.

म्हणजे पाश्चात्त्य पोशाखाची एक शिडी असते आणि कॉकटेल ही तिची मधली पायरी. वरच्या पायऱ्यांवर 'व्हाइट टाय' आणि 'ब्लॅक टाय', खालच्या पायरीवर 'स्मार्ट कॅज्युअल'. हे समजवायला मी बहिणीला तिच्याच शिडीवर नेलं. "घरच्या सत्यनारायणाला काय नेसतेस?" सुती किंवा साधी सिल्क. "सख्ख्या भाच्याच्या लग्नात?" पैठणी, नथ, ठुशी, सगळं. "आणि मैत्रिणीच्या मुलीचा साखरपुडा असेल, तू नुसती पाहुणी असशील, तर?" क्षणभर थांबून ती म्हणाली, "चांगली साडी, पण काठ-पदर फार नको. कानात मोती, गळ्यात एखादंच." मी म्हटलं, "झालं. कॉकटेल म्हणजे दुसऱ्याच्या घरचा साखरपुडा." कोणत्या प्रसंगाला किती नटायचं हे आपल्या बायकांना न शिकवता येतं. अडचण येते ती पायरीचं नाव परक्या भाषेत असतं म्हणून.

यावर तिचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता. मग साडीच का नको?

साडी चालते. पाश्चात्त्य शिष्टाचारात ब्लॅक टायसारख्या कडक पोशाखसंकेतातही राष्ट्रीय पोशाख मान्य असतो, आणि कॉकटेल तर त्याहून सैल पायरी आहे. तरी यजमानांकडे एकदा विचारून घ्यावं. फक्त साडीही मधल्याच पायरीची हवी. भरजरी पैठणी तिथे चुकते ती भारतीय असल्यामुळे नव्हे, तर वरच्या पायरीवरची असल्यामुळे. दुसऱ्याच्या साखरपुड्यात नवरीसारखं नटून जावं तसं ते होतं. मग काय नेसावं? एकरंगी जॉर्जेट, क्रेप किंवा शिफॉन, काठ बोटभर किंवा अजिबात नाही, ब्लाउज मात्र अगदी मापात बसलेला. पदराच्या बारीक निऱ्या करून तो खांद्यावर पिनेने पक्का करायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. अशा पार्टीत डाव्या हातात पेला किंवा बशी असते आणि उजवा हात हस्तांदोलनासाठी कोरडा ठेवायचा असतो. हातावर सोडलेला पदर सांभाळायला तिसरा हात कुठून आणणार? शिवाय मधूनमधून वेटर ट्रे घेऊन फिरत असतात आणि टेबलांवर मेणबत्त्या असतात. मोकळ्या पदराला या दोन्हींची भीती.

हे सगळं ऐकून बहीण म्हणाली, "नको ताई. वीस वर्षं साडीच नेसते आहे. एकदा तरी ड्रेस घालून बघते." कोणाच्या आग्रहाने नव्हे, स्वतःच्या हौसेने ठरवलं होतं, म्हणून मीही उत्साहाने बसले.

साडी किंवा पंजाबी ड्रेसची सवय असलेल्या शरीराला कोणता पाश्चात्त्य कपडा सोसतो, हे मासिकातल्या चित्रावरून कळत नाही. आपल्या शरीराला काही सवयी लागलेल्या असतात. पहिली पदराची. छाती, पोट आणि एक खांदा कायम एका जादा थराखाली असतो. दुसरी पायांची. घोट्यापर्यंत झाकलेले असल्याने आपण खाली कसेही बसतो, वाकतो, मांडीसुद्धा घालतो. तिसरी सवय मापाची, आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. आपला साडीचा ब्लाउज अंगाला अगदी चिकटून असतो आणि कुर्ता ऐसपैस असतो. ड्रेस बसतो या दोहोंच्या मध्ये. ब्लाउजच्या सवयीने निवडणारी बाई ड्रेस फार घट्ट घेते, कुर्त्याच्या सवयीने निवडणारी पोत्यासारखा घेते. कापड ताणलं जाणारं नसेल, तर छातीच्या मापापेक्षा कपडा दोनेक इंच मोठा असावा. बहिणीची छाती अडतीस, म्हणजे ड्रेस तिथे चाळीस भरला पाहिजे. खोल श्वास घेतल्यावर चेन ताणू नये आणि हात पुढे केल्यावर पाठीत कापड खेचू नये, एवढी ती ढिलाई.

मापं घेताना आणखी एक गोष्ट निघाली. कंबर दाखव म्हटल्यावर तिने परकराची नाडी जिथे बांधते तिथे बोट ठेवलं. साडी नेसणाऱ्या जवळजवळ सगळ्या जणी असंच करतात. ड्रेसची कंबर तिथे नसते, ती दोन-तीन इंच वर असते. ओळखायची खूण सोपी. सरळ उभं राहून एका कुशीवर वाकायचं, जिथे घडी पडते तिथे शिवणकामातली कंबर. तिची तिथे तेहतीस भरली. नितंबांचं माप सगळ्यात भरीव जागी, एकेचाळीस. उंची पाच फूट दोन इंच.

हे आकडे कागदावर लिहून आम्ही कॅम्पातल्या महात्मा गांधी रस्त्यावर गेलो. कागद लागतोच, कारण लेबलावरच्या अक्षरांवर विसंबता येत नाही. एका दुकानाचं एक्सएल दुसऱ्याच्या एलएवढं निघतं. ज्या मापाला ब्रिटिश कपड्यावर १४ लिहितात, त्याच मापाला अमेरिकी कपड्यावर १० लिहितात. परदेशातून कोणी ड्रेस आणून देणार असेल, तर आकडा न सांगता इंच सांगावेत.

पहिल्यांदा तिने काळा, अंगासरशी, ताणला जाणारा आणि गुडघ्याच्या वर संपणारा ड्रेस उचलला. चित्रांतून आपल्या डोळ्यांपुढे कॉकटेल ड्रेस असतो तो हाच. आरशात उभी राहिली तेव्हा छान दिसत होता. मी तिला खुर्चीवर बसायला सांगितलं. बसताच तो चार बोटं वर सरकला आणि तिचे दोन्ही हात गुडघ्यांवर गेले. ते पुढे तिथेच राहिले. एवढ्यावर तो ड्रेस बाद. ज्या कपड्यात हात सतत कपडा ओढण्यात गुंततात, त्यात माणसाचं लक्ष समोरच्याकडे राहत नाही. बसल्यावर कुठलाही ड्रेस दोन-तीन इंच वर जातो, त्यामुळे झाकलेल्या पायांची सवय असलेल्या बाईने उभं असताना गुडघ्याखाली तीन-चार इंच येईल असाच घ्यावा.

काळ्याला तिच्या सासूबाईंचाही विरोध होता. संक्रांतीला चंद्रकळा चालते, एरवी नको. मला त्यात वाद घालण्यासारखं काही दिसलं नाही. शनेल या फ्रेंच शिवणकर्तीचा साधा काळा ड्रेस १९२६ साली 'व्होग' मासिकात आला आणि तेव्हापासून काळा रंग या पार्ट्यांशी जोडला गेला. पण तो नियम कधीच नव्हता. बॉटल ग्रीन, नेव्ही, वाइन, गडद जांभळा, यांपैकी कुठलाही रंग संध्याकाळच्या दिव्यांत तेवढाच भारदस्त दिसतो आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर काळ्यापेक्षा खुलतो.

दुसरा ड्रेस टिकल्यांनी मढवलेला आणि जमिनीला टेकणारा. पाय झाकलेले असल्याने बहिणीला त्यात बरं वाटत होतं. पण तो शिडीवर दोन पायऱ्या वरचा, शिवाय गर्दीत तुडवला जाणारा. तोही परत हँगरवर गेला.

तिसरा हिरव्या क्रेपचा. बॉटल ग्रीन, बाही कोपराच्या खाली, गळा होडीच्या आकाराचा, कंबरेपर्यंत बेताचा आणि खाली हळूहळू पसरत जाणारा. या आकाराला 'ए-लाइन' म्हणतात, कारण तो इंग्रजी ए अक्षरासारखा दिसतो. खाली घेर असल्याने नितंबांच्या मापाची चिंता नाही, छाती आणि खांदे बसले की काम झालं. रुंद होडीगळा वाकल्यावर पुढे लोंबत नाही, म्हणून पदर नसल्याची बोच कमी होते. आणि लांब बाहीचं एक अगदी घरगुती कारण होतं. वर्षानुवर्षं ब्लाउज घालणाऱ्या बाईच्या दंडावर बाही संपते तिथे उन्हाने रंगाची रेघ उमटलेली असते. बिनबाहीच्या ड्रेसमध्ये ती रेघ सगळ्यात आधी दिसते.

विकत घेण्याआधी आम्ही दुकानातच चार गोष्टी करून पाहिल्या. आरशासमोर खाली ठेवलेली बशी उचलावी तशी ती वाकली, गळा जागेवर राहिला. वरच्या फळीवरचा डबा काढावा तसे हात वर केले, ड्रेस थोडा उचलला गेला पण कंबरेची शिवण छातीकडे चढली नाही. खुर्चीवर बसली, उठली, गुडघे झाकलेलेच राहिले. शेवटी दाराच्या उजेडाकडे पाठ करून उभी राहिली आणि मी समोरून बघितलं, मग फोनचा फ्लॅश लावून एक फोटो काढला. गडद कापड साध्या उजेडात जाड वाटतं, पण फ्लॅशमध्ये कधीकधी आतलं सगळं दाखवतं, आणि पार्टीत फोटो निघणारच असतात. या कापडाला आत अस्तर होतं, काही दिसलं नाही. अस्तर नसतं तर मी ड्रेस नाकारला नसता, शिंप्याकडून लावून घेतलं असतं. फार पातळ क्रेप अस्तराशिवाय चालताना पायांना चिकटतो.

ज्यांना पाय उघडे ठेवायचेच नाहीत, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. पंजाबी ड्रेसची सवय असेल तर साटिनची रुंद पँट आणि वर नितंबांपर्यंत येणारा उंची कापडाचा टॉप घ्यावा. शरीराला ही रचना ओळखीची असते, फक्त ओढणी गेलेली असते. एकसंध शिवलेला जंपसूट मात्र पहिल्या वेळी टाळावा. हॉटेलच्या स्वच्छतागृहात तो खांद्यापासून उतरवावा लागतो, हे दुकानात कोणी सांगत नाही.

काही जणी जुन्या साडीचा ड्रेस शिवायला माझ्याकडे येतात. ते छान होतं, पण दोन मर्यादा सांभाळून. साडी साडेपाच मीटरची असते आणि साध्या ए-लाइन ड्रेसला अडीच-तीन मीटर पुरतात, म्हणून कापडाची कमतरता पडत नाही. प्रश्न येतो तो घडीचा. रेशमी साडी वर्षानुवर्षं त्याच घडीवर ठेवलेली असेल, तर रेशीम नेमकं तिथे विरतं. घडीच्या दोन्ही बाजूंना कापड चिमटीत धरून हलकेच ताणावं, धागे सरकले तर तो भाग कापताना वगळावा. आणि काठ वापरायचा मोह आवरावा. काठ खाली घेराला लावला की ड्रेसचा परकर-पोलका होतो. साडीचा फक्त मधला, साधा भाग वापरला तर त्याच रेशमाचा खरा कॉकटेल ड्रेस होतो.

बहिणीच्या ड्रेसचं काम अजून संपलं नव्हतं. तयार कपडे सहसा तिच्यापेक्षा उंच बाईच्या मापाने शिवलेले असतात, त्यामुळे तो पोटरीच्या मध्यावर, म्हणजे पाय सगळ्यात रुंद असतो तिथे संपत होता. ठेंगण्या बाईची उंची याने आणखी दोन इंच कमी दिसते. ड्रेस पायाच्या निमुळत्या जागी संपला पाहिजे, एकतर गुडघ्याच्या लगेच खाली किंवा घोट्याच्या जरा वर. आम्ही तो अडीच इंच वर घेतला. पण ही खूण करण्यापूर्वी मी तिला पार्टीचे सँडल घालायला लावले. साडीचा फॉल लावताना आपण चपलेचा विचार करतोच, ड्रेसला तो दुप्पट करायला हवा, कारण इथे पुढे निऱ्या ओढून फरक झाकता येत नाही.

कंबरेला दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच आत घेतलं. इथे एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. बाजूच्या शिवणी, कंबर आणि लांबी या गोष्टी कुठलाही बरा शिंपी दोन दिवसांत बदलून देतो. खांदा बदलायचा म्हणजे बाही उसवून पुन्हा बसवायची, ते महाग पडतं आणि बहुतेक वेळा बिघडतं. म्हणून दुकानात सगळ्यात आधी खांदा बघायचा. खांद्याची शिवण बरोबर हाडाच्या टोकाला असेल तर बाकीचं जमतं. मोठा ड्रेस लहान करता येतो. लहान मोठा करायचा तर शिवणीत जास्तीचं कापड, ज्याला आम्ही माया म्हणतो, ते हवं, आणि तयार कपड्यात ती फार थोडी असते.

आतल्या कपड्यांबद्दल संकोचाने कोणी बोलत नाही आणि निम्मे ड्रेस तिथेच बिघडतात. साडीखाली परकर आणि घट्ट ब्लाउज असतो, त्यामुळे आत काय आहे याने फरक पडत नाही. ड्रेसखाली शिवणी उमटतात. शिवण नसलेले आणि स्वतःच्या त्वचेच्या रंगाजवळचे कपडे घ्यावेत, पांढरे नकोत, गडद कापडाखालीही ते फ्लॅशमध्ये चमकतात. होडीगळा खांद्याकडे रुंद असतो, म्हणून पट्ट्या बाहेर डोकावतात. आम्ही खांद्याच्या शिवणीला आतून इंचभर फीत शिवली आणि तिच्या टोकाला टिचबटण लावलं. पट्टी त्यात अडकवली की रात्रभर हलत नाही. दोन रुपयांचं काम, पण त्यावाचून ती दर पाच मिनिटांनी खांदा चाचपत राहिली असती.

सँडलची टाच आम्ही जाड आणि दोन इंचांची घेतली. निमुळती टाच हिरवळीत रुतते, आणि हॉटेलची पार्टी केव्हाही बाहेर लॉनवर सरकते. शिवाय वर्षभर सपाट चप्पल घालणाऱ्या पायाला एकाच संध्याकाळी चार इंच उंच चढवणं म्हणजे नऊ वाजेपर्यंत बसायला खुर्ची शोधणं. या पार्टीत खुर्च्या मोजक्याच असतात. समोरून उघड्या सँडलमध्ये जोडवी दिसतात, ती तिने काढली नाहीत. काढायचं कारणही नव्हतं.

मंगळसूत्राचा विषय मी तिच्यावर सोडला होता. तिचं लांब, दोन वाट्यांचं मंगळसूत्र होडीगळ्यावर वरून लोंबकळत होतं. ते कापडाच्या आत घातलं तर छातीवर त्याचा उंचवटा दिसत होता. तिच्याकडे काळ्या मण्यांचं एक छोटं, गळ्यालगतचं होतं, ते घातलं. काही जणी मनगटावरचं घालतात, काही लांबच ठेवून त्याला साजेसा खोल गळा निवडतात. यात बरोबर-चूक नाही, फक्त गळा निवडायच्या आधी हे ठरलेलं असावं. एकदा गळ्यात मंगळसूत्र आलं की दुसरा हार नको. मग कान मोठे ठेवायचे. तिने आईच्या मोत्यांच्या कुड्या घातल्या आणि त्या हिरव्यावर इतक्या उठून दिसल्या की तयार इमिटेशनचा सेट तुळशीबागेतून आणायचा बेत तिने आपणहून सोडला. काचेच्या बांगड्या उतरवून हातात एकच सोन्याचं कडं ठेवलं. टिकली बारीक, मरून.

नवऱ्याचं काय, हेही तिने विचारलं. पुरुषांचं काम सोपं असतं. गडद सूट, कडक इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. जो एरवी कुर्ता-पायजम्यातच असतो, त्याला गडद रंगाचा बंदगळा घालता येतो. त्यात टाय नाही, सवयीचा उभा गळा तसाच राहतो आणि पार्टीच्या पायरीलाही तो बरोबर बसतो.

पार्टीच्या चार दिवस आधी मी तिला घरात रंगीत तालीम करायला लावली. पूर्ण पोशाख, आतल्या कपड्यांसकट, सँडल घालून, दोन तास. त्यात चहा करायचा, सोफ्यावर बसायचं, जिना उतरायचा, डाव्या हातात पाण्याचा पेला धरून उजव्या हाताने दार उघडायचं. चार दिवस आधी अशासाठी की काही निघालं तर शिंप्याकडे जायला वेळ हवा. निघालंच. चालताना अस्तर वरच्या कापडापेक्षा अर्धा बोट खाली दिसत होतं, ड्रेस वर घेताना शिंपी अस्तर विसरला होता. आणि दुसरी गोष्ट म्हणजे तिचा हात. दर थोड्या वेळाने उजवा हात डाव्या खांद्याकडे जायचा, तिथे काही सापडायचं नाही आणि तो तसाच खाली यायचा. पदर शोधत होता. यावर इलाज म्हणून मी तिला ड्रेसच्याच रंगाची पातळ शाल दिली. हॉटेलात गारठा असतो, हे निमित्त चांगलं. हाताला धरायला काहीतरी मिळालं. पर्सऐवजी साखळीची छोटी क्लच घेतली, खांद्याला अडकवता येईल अशी, आणि तिच्यात फोन, रुमाल, थोडे पैसे आणि चार सेफ्टी पिना.

पार्टीच्या रात्री साडेदहाला तिचा फोन आला. मी घाबरतच उचलला. ती हसत होती.

मोठ्या साहेबांची बायको साडी नेसून आली होती. भारतात आलो आहोत तर भारतीय पोशाख करावा, म्हणून हॉटेलातल्या कोणाकडून तरी नेसवून घेतली होती. भरजरी, लाल, लग्नातली. पाऊण तासाने निऱ्या सुटायला लागल्या. बाई हातात पेला घेऊन, दुसऱ्या हाताने पोट आवळून एका कोपऱ्यात उभी, चेहरा पांढरा. खोलीतल्या बाकी बायका आपापल्या ड्रेसमध्ये. बहिणीने तिच्या हातातला पेला काढून टेबलावर ठेवला, तिला स्वच्छतागृहात नेलं, सगळी साडी सोडून नव्याने नेसवली आणि क्लचमधल्या चारही पिना तिच्या निऱ्यांना आणि पदराला लावून टाकल्या.

"आणि तुझा ड्रेस?" मी विचारलं.

"त्याचं काय? त्याची मला आठवणसुद्धा झाली नाही. अगं, तिला वाकून निऱ्या घालताना गळासुद्धा जागच्या जागी होता."